विश्लेषण : चार वर्षांखालील मुलांना ॲलर्जीचे औषध चालते का? किती, कोणते आणि झोपेचे काय?

सर्दीच्या एका ठरावीक मिश्र औषधावर चार वर्षांखालील मुलांसाठी निर्बंध आले आणि अनेक घरांत त्याचा अर्थ ‘लहान मुलांना ॲलर्जीचे औषधच द्यायचे नाही’ असा लावला गेला. दुसरीकडे, अंगावर पित्त उठले किंवा नाक वाहू लागले की मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली काढून ‘एक चमचा’ पाजण्याची सवयही कायम आहे. या दोन टोकांच्या मध्ये नेमके काय योग्य, वयानुसार मात्रा किती आणि औषधाने येणारी गुंगी केव्हा काळजीची, याचा हा आढावा.

निर्बंध नेमका कशावर?

डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या दोन औषधांच्या मिश्रणाबाबत राज्यांना पत्र पाठवले. हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास कंपन्यांना सांगण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने याबाबत अधिसूचनाही काढली. यातले क्लोरफेनिरामाइन हे जुन्या पिढीतले अँटिहिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीविरोधी औषध. फिनाइलेफ्रिन हे नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवून चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातले जाते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे खोकल्याच्या औषधामुळे मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा हेच नाव पुन्हा चर्चेत आले, कारण त्या औषधातही हे मिश्रण होते. मात्र मुलांचा जीव गेला तो अँटिहिस्टामाइनमुळे नव्हे, तर औषधात आढळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे कळवले.

या साऱ्यात एक गोष्ट झाकोळली गेली. हे निर्बंध सर्दी-खोकल्यासाठीच्या मिश्रणांबाबत आहेत. ॲलर्जीचे निदान झालेल्या मुलाला डॉक्टरांनी दिलेले सेटिरिझिनसारखे एकटे, नव्या पिढीतले औषध त्यात येत नाही. साध्या विषाणूजन्य सर्दीत अँटिहिस्टामाइनचा उपयोग नगण्य असतो, म्हणून तिथे धोका पत्करण्यात अर्थ नाही. ॲलर्जीत उपयोग खरा असतो, म्हणून तिथे हिशेब वेगळा.

मग ॲलर्जी ओळखायची कशी?

दोन वर्षांखालील बाळाचे नाक वाहते आहे, तर बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो. त्या वयात नाकाची ॲलर्जी तुलनेने कमी दिसते. ताप नाही, पाण्यासारखा पातळ स्राव, एकामागून एक शिंका, नाक-डोळे चोळणे, तळहाताने नाक वर ढकलत राहणे आणि हे आठवड्याच्या पुढे चालू राहणे किंवा ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत परत येणे, ही ॲलर्जीची खूण. सर्दी सहसा आठवडा-दहा दिवसांत ओसरते.

अंगावर पित्त उठणे, ज्याला काही भागांत गांधी उठणे म्हणतात, त्याची ओळख सोपी आहे. लालसर, फुगीर, खूप खाजणारे चट्टे येतात, पण एक चट्टा एका जागी सहसा चोवीस तासांहून अधिक राहत नाही. इथला विरतो, तिथला उगवतो. लहान मुलांत याचे सर्वांत मोठे कारण खाणे नसून नुकताच झालेला विषाणूसंसर्ग असतो आणि काही दिवसांत ते आपोआप थांबते. आमसुलाचे पाणी लावण्याचा घरगुती उपाय गारव्याने खाज थोडी कमी करतो, त्याला हरकत नाही. पण ‘पित्त’ या शब्दामुळे होणारी एक गल्लत टाळायला हवी. त्वचेवरच्या या पित्ताचा पोटातल्या आम्लपित्ताशी संबंध नाही आणि मोठ्यांची पित्तावरची गोळी तोडून मुलाला देण्याने काही साधत नाही.

वयानुसार मात्रा किती?

अँटिहिस्टामाइनचा हिशेब चमच्यात नव्हे, मिलिग्रॅममध्ये करावा लागतो. बालरोगतज्ज्ञ सर्वाधिक वापरतात ते सेटिरिझिन घेतले, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एकदा २.५ मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा. गरज पडल्यास चोवीस तासांत एकूण ५ मिलिग्रॅमपर्यंत, एकदम किंवा बारा तासांच्या अंतराने दोन भागांत. सहा ते अकरा वर्षांत दिवसाला ५ ते १० मिलिग्रॅम. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठीही अमेरिकेत २.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा अशी मान्यता आहे, तर ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या मुलाला वजनाप्रमाणे, किलोमागे पाव मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. या वयात मात्र औषध डॉक्टरांनी बाळ तपासून, वजन पाहूनच ठरवायचे असते. सहा महिन्यांखाली तर घरी विचारही करू नये.

दिवसातून दोनदा कशासाठी, याचे उत्तर मुलांच्या शरीरात आहे. मोठ्या माणसाच्या रक्तातले सेटिरिझिन निम्मे व्हायला साधारण आठ ते दहा तास लागतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलात हेच पाच तासांत होते, दोन वर्षांखालील बाळात तीन तासांच्या आसपास. म्हणून रात्री दिलेल्या औषधाने गेलेले चट्टे पहाटे पुन्हा उठू शकतात. ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून पालक दुसरे औषध जोडतात, ते इथेच.

लेव्होसेटिरिझिन हे वेगळे औषध नसून सेटिरिझिनमधलाच कामाचा अर्धा भाग आहे. सेटिरिझिनचे रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकारचे असतात. त्यांतला प्रभावी तेवढा वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन होते. साहजिकच त्याची मात्रा निम्मी. अमेरिकेत सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत १.२५ मिलिग्रॅम, संध्याकाळी एकदा. सहा ते अकरा वर्षांत २.५ मिलिग्रॅम. युरोपात दोन ते सहा वर्षांच्या मुलांना १.२५ मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे दिवसाला २.५ मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे. अमेरिकी माहितीपत्रक लहानांत १.२५ च्या वर जाऊ नये असे स्पष्ट बजावते, कारण तेवढ्यातच मुलाच्या रक्तात ५ मिलिग्रॅम घेतलेल्या प्रौढाइतके औषध पोहोचते.

भारतात याची एक व्यवहारी बाजू आहे. मॉन्टेलुकास्टसोबत लेव्होसेटिरिझिन असलेली सिरप इथे खूप लिहून दिली जातात. त्यांतल्या अनेकांत ५ मिलीमध्ये मॉन्टेलुकास्ट ४ मिलिग्रॅम आणि लेव्होसेटिरिझिन २.५ मिलिग्रॅम असते. मॉन्टेलुकास्टची दोन ते पाच वर्षांची मात्रा पूर्ण करायला ५ मिली द्यावे लागतात आणि त्यासोबत लेव्होसेटिरिझिन एकाच वेळी २.५ मिलिग्रॅम जाते. युरोपच्या हिशेबाने दिवसाची बेरीज जुळते, पण ती दोन भागांत विभागलेली नसते. अमेरिकेच्या हिशेबाने दुप्पट. असे औषध घेणारे मूल दुसऱ्या दिवशी सुस्त दिसले तर आश्चर्य नको. त्यातच मॉन्टेलुकास्टमुळे वाईट स्वप्ने, चिडचिड, वागण्यातले बदल होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते इतर औषधे लागू न पडल्यावरच वापरावे असे सांगितले. साध्या शिंकांसाठी हे जोड-औषध पहिल्या फटक्यात लिहिणे, ही आपल्याकडची सवय पुन्हा तपासण्यासारखी आहे.

इतर दोन पर्याय थोडक्यात. लोराटाडिन दोन ते पाच वर्षांत ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. फेक्सोफेनाडिन दोन ते अकरा वर्षांत ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते पाण्यासोबतच द्यायचे, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत ते शरीरात नीट शोषले जात नाही. मुलाने औषध गिळावे म्हणून रसात मिसळणाऱ्या घरांत त्याचा परिणाम कमी दिसतो तो यामुळे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांत मात्र यांतल्या कोणत्याही औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

गुंगी येते कशामुळे?

हिस्टामाइन हे त्वचेत खाज आणि नाकात स्राव निर्माण करते, तसेच मेंदूत ते जागेपण टिकवून ठेवते. क्लोरफेनिरामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथल्या हिस्टामाइनलाही अडवतात. त्यातून झोप येते. नव्या पिढीतली औषधे मेंदूच्या दारावरच्या रेणूंच्या पंपाकडून बहुतांश परत बाहेर फेकली जातात. तरी सगळी सारखी नाहीत. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळपास जातच नाही, लोराटाडिनने झोप क्वचित येते, सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन थोडे जातात. म्हणून ‘झोप न आणणारे’ असा लौकिक असूनही सेटिरिझिनने काही मुले पेंगतात.

या झोपेकडे अनेक घरांत औषधाचा फायदा म्हणून पाहिले जाते. ‘औषध दिले आणि बाळ शांत झोपले’ हे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात जुन्या औषधांनी आणलेली झोप नैसर्गिक झोपेसारखी नसते. स्वप्नांच्या टप्प्याची झोप त्यात कमी होते आणि औषधाचा अंश सकाळपर्यंत रेंगाळतो. शाळेत जाणारे मूल मग वर्गात मंद राहते. काही मुलांत उलटेच घडते. ती पेंगण्याऐवजी चिडचिडी, अस्वस्थ होतात, रात्रभर टक्क जागी राहतात. अशा वेळी आणखी एक चमचा देणे ही घातक चूक ठरते.

प्रोमेथाझिनची कथा याहून गंभीर आहे. दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदींनंतर अमेरिकेने या वयात त्याचा वापर पूर्ण निषिद्ध ठरवला. प्रवासात उलटी होऊ नये किंवा मूल झोपावे म्हणून हे औषध तान्ह्या बाळाला पाजणे जिवावर बेतू शकते.

याउलट, सेटिरिझिन एक ते दोन वर्षांच्या, त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असलेल्या ८१७ बाळांवरील मोठ्या अभ्यासात तपासले गेले. निम्म्या बाळांना किलोमागे पाव मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे तब्बल दीड वर्ष ते देण्यात आले. चालणे, बोलणे, वागणे, आकलन यांत औषध घेणारी आणि न घेणारी मुले यांच्यात फरक दिसला नाही. योग्य मात्रेत नवे औषध आणि अंदाजाने दिलेले जुने औषध, यांतले अंतर यावरून लक्षात यावे.

चूक नेमकी कुठे होते?

एक उदाहरण पाहू. तीन वर्षांची, १३ किलो वजनाची मुलगी. रात्री आठ वाजता पोटावर, मांड्यांवर चट्टे उठले आहेत, खाज आहे, पण श्वास नीट आहे, उलटी नाही, ओठ सुजलेले नाहीत. घरात डॉक्टरांनी आधी सांगितलेले सेटिरिझिन सिरप आहे. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये ५ मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे. म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम. तिला हवे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिली. बाटलीच्या टोपणाच्या मापाने, किंवा त्याहून चांगले म्हणजे सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचे. स्वयंपाकघरातला चमचा कधी तीन मिलीचा निघतो, कधी सातचा.

पहाटे पाचला चट्टे परत दिसतात. ही औषधाची हार नव्हे, त्याचा अंमल ओसरला आहे. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा चालेल असे सांगितले असेल, तर आठ वाजता, बारा तास भरल्यावर, पुन्हा २.५ मिली. चोवीस तासांची बेरीज ५ मिलिग्रॅम झाली, तिथे थांबायचे.

आता याच घरात काय बिघडू शकते ते पाहा. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मागच्या थंडीतले लेव्होसेटिरिझिनचे सिरप आहे. बाटली सारखीच दिसते, नावही जवळपास सारखे. आजी त्यातले ५ मिली देते. मुलीच्या पोटात २.५ मिलिग्रॅम लेव्होसेटिरिझिन गेले, जे परिणामात ५ मिलिग्रॅम सेटिरिझिनच्या बरोबरीचे. सकाळी नाकही वाहत होते, म्हणून वडिलांनी सर्दीचे सिरप दिले होते आणि त्यात क्लोरफेनिरामाइन होतेच. नावे तीन, बाटल्या तीन, डॉक्टरही कदाचित दोन. पण औषधाचा प्रकार एकच. मुलगी दिवसभर पेंगते आणि घरच्यांना वाटते, चट्ट्यांनी थकली.

सर्वांत धोकादायक गोंधळ थेंब आणि सिरप यांच्यातला. ज्या मिश्रणावर निर्बंध आले, त्याच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असते. सिरपमध्ये तेवढेच, किंवा त्याहून कमी, पाच मिलीत असते. ‘अर्धा चमचा’ या तोंडी सूचनेने सिरपऐवजी थेंबांच्या बाटलीतले अडीच मिली गेले, तर एका वेळी ५ मिलिग्रॅम जातात. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला ब्रिटनमध्ये क्लोरफेनिरामाइन द्यावेच लागले तर एका वेळची मात्रा १ मिलिग्रॅम आणि दिवसाची कमाल ६ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दिवसाचा जवळपास सगळा कोटा एका घोटात. सोबत फिनाइलेफ्रिनचा भार वेगळाच. थेंबांची बाटली लहान असते, ड्रॉपर असतो, म्हणून ती ‘सौम्य’ वाटते. प्रत्यक्षात ती अधिक तीव्र असते, कारण तान्ह्या बाळाच्या तोंडात कमी द्रव जावा यासाठीच ती घट्ट बनवलेली असते.

जास्त गेल्याचे कसे कळणार?

हलके पेंगणे, थोडे तोंड कोरडे पडणे हे नेहमीच्या मात्रेतही होऊ शकते. हाक मारली की मूल डोळे उघडते, ओळखते, पाणी पिते, तोवर लक्ष ठेवून डॉक्टरांना फोन करणे पुरते. हलवूनही नीट जागे होत नसेल, श्वास उथळ किंवा संथ वाटत असेल, तर थेट रुग्णालय गाठायचे. जुन्या औषधांची जास्त मात्रा आणखी वेगळी दिसते. चेहरा लालबुंद, त्वचा गरम आणि कोरडी, बाहुल्या मोठ्या, छातीची धडधड, असंबद्ध बडबड आणि पुढे झटके. जाताना बाटली सोबत घ्यायची, कारण तिच्यावरचा मिलिग्रॅमचा आकडाच डॉक्टरांना सर्वांत आधी लागतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. पेंगणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते.

औषध पुरेसे नसते ते केव्हा?

चट्ट्यांसोबत आवाज घोगरा होणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, जीभ किंवा ओठ सुजणे, वारंवार उलट्या, मूल एकाएकी ढिले, फिकट पडणे, यांपैकी काही दिसले तर ती साधी गांधी नव्हे, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. तिथे काम करते ते मांडीत दिले जाणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. अँटिहिस्टामाइन खाज कमी करते, पण रक्तदाब सावरत नाही आणि श्वासमार्गाची सूज थांबवत नाही. ते पाजून ‘अर्धा तास वाट पाहू’ म्हणण्यात मोलाची वेळ जाते.

नाकाच्या ॲलर्जीत चोंदणे हाच मुख्य त्रास असेल, तर अँटिहिस्टामाइन त्यावर दुबळे पडते. शिंका, खाज आणि पाणी थांबते, नाक मोकळे होत नाही. अशा मुलांना दोन वर्षांपासून पुढे डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सुचवतात, जो नियमित वापरल्यास तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा सरस ठरतो. ‘स्टिरॉइड’ या शब्दाला घाबरून पालक तो टाळतात आणि महिनोन्‌महिने सिरप चालू ठेवतात.

आणि अंगावरचे पित्त सहा आठवड्यांहून अधिक काळ परत परत येत असेल, तर ते दीर्घकालीन मानले जाते. अशा रुग्णांत तज्ज्ञ नव्या पिढीतल्या औषधाची मात्रा नेहमीच्या कितीतरी पट, मोठ्यांत चौपटीपर्यंत, वाढवतात. लहान मुलांत हा निर्णय वजन मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो. असे औषध महिनोन्‌महिने घेतल्यावर ते बंद करतानाही लक्ष ठेवावे लागते. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन अचानक थांबवल्यावर काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. अशी प्रकरणे विरळ आहेत आणि चार-सहा दिवस औषध घेणाऱ्या मुलांचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र वर्षभर रोज सिरप घेणाऱ्या मुलाला ते बंद केल्यावर खाज सुटली, तर ती जुनी ॲलर्जी उलटली असे गृहीत न धरता डॉक्टरांना औषध थांबवल्याची तारीख सांगणे गरजेचे ठरते.